रोस्तानांचे कान

एल्बिया जेमोना कशालाही घाबरायची. घरातून निघाल्यावर अर्ध्या वाटेवरून परत जाऊन गॅस बंद आहे का बघायची, मुलांना नदीकाठी सहलीला नेलं की परत येईपर्यंत डोकी मोजायची, आणि माझ्या आम्लांच्या बाटल्यांकडे तर ती कुणी साप पाळलाय अशा नजरेनं बघायची. मेर्सेदेस गावच्या सरकारी शाळेत ती जीवशास्त्र शिकवायची आणि मी रसायन. दोघांना मिळून प्रयोगशाळा एकच, आणि कपाटाची किल्लीही एकच, त्यामुळे तिची प्रत्येक काळजी आधी माझ्या कानावर यायची. खरं सांगायचं तर मला तिचा वैताग यायचा. इतकं घाबरून माणूस जगतो कसा, असं मी तिला तोंडावर विचारलंही होतं. "वॉशिंग्टन, तू एकटा राहतोस, तुला काय कळणार," एवढंच ती म्हणाली होती.

त्या वर्षी विज्ञान मंडळाच्या प्रदर्शनासाठी तिनं युग्लीना वाढवायला घेतली होती. रिओ नेग्रो नदीच्या कडेच्या डबक्यातलं पाणी आणून, गव्हाचे दाणे उकळून त्याच्या पेजेवर तिनं ती पोसली. एका पेशीचा जीव तो, पण शेपटी हलवत पोहतो आणि पोटात हिरवे कण असल्यामुळे उन्हावर आपलं अन्नही करतो. खिडकीतल्या बरण्या बघता बघता पोपटी हिरव्या झाल्या. मग एके दिवशी पाणी गढूळ दिसायला लागलं, वास यायला लागला. पेजेवर जिवाणू माजले होते.

इथे एल्बियानं चूक केली. आमच्याकडे गुरांच्या औषधांच्या दुकानात स्ट्रेप्टोमायसिन सहज मिळायचं, कुणी काही विचारायचं नाही. जिवाणू मरतील आणि युग्लीना राहील, कारण युग्लीना काही जिवाणू नव्हे, असा साधा हिशोब करून तिनं सगळ्या बरण्यांत औषध टाकलं. एक बरणी तरी बाजूला ठेवावी की नाही? पण घाबरट माणूस एकदा धीट झाला की तो पुरताच धीट होतो.

जिवाणू गेले. पाणी निवळलं. आणि पुढच्या काही दिवसांत बरण्या फिकट होत होत दुधाळ पांढऱ्या पडल्या. सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर युग्लीना जिवंत होती, मजेत पोहत होती, पेज खात होती, दुभंगून वाढतही होती. हिरवं मात्र काही उरलं नव्हतं. एल्बियानं ताजी पेज दिली, औषधाचा मागमूस राहू नये म्हणून पाणी पुन्हा पुन्हा बदललं, बरण्या उन्हात ठेवल्या. पण ती पांढरी ती पांढरीच राहिली.

"येईल गं हिरवं परत," मी म्हणालो.

"नाही येणार." ती स्टुलावर बसली होती आणि चेहरा बरण्यांइतकाच पांढरा. "वॉशिंग्टन, हिरवा कण पेशीला नव्यानं करता येत नाही. असलेल्या कणाचे दोन होतात, दोनाचे चार होतात. एकही उरला नाही, तर आणायचा कुठून?"

दुसऱ्या दिवशी तिनं त्याच बरण्या वर्गात नेल्या. स्वतःची फजिती मुलांपुढे मांडायला तिला कधी लाज वाटली नाही, तेवढं मी मान्य करतो. मी मागच्या बाकावर येर्बाचा, म्हणजे आमच्या कडू चहाचा, पोकळ भोपळा घेऊन बसलो होतो, शिकवणं ऐकायला नव्हे, तर किल्ली हवी होती म्हणून.

ती मुलांना सांगत होती, "फार फार पूर्वी एका मोठ्या पेशीनं एक हिरवा जिवाणू गिळला. पण तो पचला नाही. तो आत राहिला, उन्हावर साखर करत राहिला, आणि दोघांचंही बरं चाललं. त्याच्या पोरांची पोरं म्हणजे झाडांच्या पेशींतले हिरवे कण. आमच्या या युग्लीनाची गोष्ट आणखी आडवळणाची आहे. हिनं तसा जिवाणू आधीच गिळून बसलेलं शेवाळ गिळलं. पण कण मूळचा जिवाणूच."

"बाई, कशावरून? बघायला कोण होतं?" एका मुलीनं विचारलं.

"बघायला कुणी नव्हतं. पण आपण घरात पाहुणा ओळखतो ना, त्याच्या सवयींवरून? या कणाला स्वतःची वेगळी जनुकं आहेत. पेशीच्या गाभ्यातली नव्हे, स्वतःची, आणि जिवाणूंसारखी गोल कड्यात. तो जिवाणूसारखा स्वतःच दुभंगतो. त्याच्या भोवती एकावर एक पडदे आहेत, आतला त्याचा स्वतःचा. आणि प्रथिनं बनवायची त्याची यंत्रं आपल्या पेशीच्या यंत्रांसारखी नाहीत, जिवाणूंच्या यंत्रांसारखी आहेत. स्ट्रेप्टोमायसिन नेमकं त्या यंत्राला धरतं. मी औषध जिवाणूंवर टाकलं, आणि त्यानं आतला जुना जिवाणूही ओळखला." तिनं बरणी वर धरली. "हा पुरावा मला फार महागात पडला."

मुलं हसली. मला गप्प बसवेना. मी मागून म्हणालो, "एल्बिया, तू तर म्हणतेस की श्वासाच्या हवेतून ताकद काढणारे ते मायटोकॉन्ड्रिया, तेही असेच गिळलेले जिवाणू. ते या पोहणाऱ्या प्राण्यात आहेत, तुझ्यात आणि माझ्यात आहेत. मग ते का नाही मेले? आणि आपल्याला स्ट्रेप्टोमायसिन टोचल्यावर आपण का नाही पांढरे पडत?"

मला वाटलं पकडलं हिला. पण तिनं शांतपणे उत्तर दिलं. हे दोन कण वेगवेगळ्या जिवाणूंचे वंशज आहेत. इतक्या काळात दोघंही बदलले, पण सारखे नाही बदलले. युग्लीनाच्या काय, माणसाच्या काय, मायटोकॉन्ड्रियातलं यंत्र आता जिवाणूपेक्षा पुरेसं निराळं झालंय, म्हणून औषधाची पकड त्यावर सैल बसते. "पण एखाद्यात ते यंत्र जनुकातल्या एका अक्षरानं जरी परत जिवाणूसारखं झालं, तर..." ती बोलता बोलता थांबली. हातातली बरणी तिनं हळूच टेबलावर ठेवली, आणि तास संपायच्या आत वर्ग सोडून दिला.

का, ते मला त्या रविवारी कळलं. एल्बियाच्या घरी रविवारी मला रॅव्हिओलीचं, सारण भरलेल्या पास्त्याचं, आमंत्रण असायचं. तिची आई क्लोतिल्दे ठार बहिरी होती. तरुणपणी क्षय झाला तेव्हा स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं सुरू केली, कान गेले म्हणून बंद केली, आणि क्षय पुढे दुसऱ्या औषधांनी गेला, हे सगळं एल्बियाच्या जन्माच्याही आधी. म्हातारी ओठ वाचायची, आणि स्वतः बोलायची ते भलत्याच मोठ्या आवाजात, कारण आपला आवाज केवढा निघतो हे तिला कळायचंच नाही. तिची बहीण इर्मा बहिरी. इर्माची मुलगी बहिरी. भाऊ आन्सेल्मो, तोही. सगळे मेर्सेदेसभर 'रोस्तानांचे कान' म्हणून प्रसिद्ध होते. रोस्तान हे म्हातारीच्या माहेरचं आडनाव. कुणी हाक ऐकली नाही की आमच्या गावात लोक विचारायचे, "काय रे, रोस्तानांकडे सोयरीक झाली का तुझी?"

"स्ट्रेप्टोनं कान जातात हे डॉक्टर पहिल्यापासून सांगतात," मी म्हणालो. "खूप दिवस घेतलं की कुणाचेही जातात."

"खूप दिवस!" एल्बियानं काटा खाली ठेवला. "आईनं पुरता आठवडाही घेतलं नव्हतं. इर्मामावशीला तर घसा सुजला म्हणून थोडंसंच दिलं होतं. आणि आता हे बघ. आन्सेल्मोमामाला तारेची जखम चिघळली तेव्हा दिलं, तो बहिरा झाला. त्याच्या मुलांनाही लहानपणी दिलं होतं, मामीनं सांगितलंय मला, आणि त्यांना खोलीत डास शिरला तरी ऐकू येतं. आडनाव रोस्तान त्यांचंच आहे. कान मात्र त्याच औषधानं इर्माच्या मुलीचे गेले, जिचं आडनाव रोस्तान नाही."

"मग?"

"मायटोकॉन्ड्रिया आईकडूनच येतात, वॉशिंग्टन. बापाचे टिकत नाहीत. आजीकडून आईकडे आले, इर्माकडे आले, मामाकडे आले. मामापाशी ते संपले. पण माझ्यात आहेत, मी ते औषध कधी घेतलं नाही एवढंच. माझ्या लेकीत, मागेलात आहेत. आणि मागेला गरोदर आहे."

मी हसून काहीतरी म्हणालो, आता आठवतही नाही काय. आठवतो तो क्लोतिल्देचा चेहरा. ती आम्हा दोघांचे ओठ आळीपाळीनं वाचत होती.

मागेलाला मुलगी झाली, मिकाएला. एल्बियानं लेकीला आधीच बजावून ठेवलं होतं की या जातीचं औषध बाळाला द्यायचं नाही. मागेलानं ते आईच्या हजार काळज्यांच्या ढिगात टाकून दिलं. तिचंही काय चुकलं? जिनं आयुष्यभर वारा सुटला तरी खिडक्या लावून घेतल्या, तिचा एखादा इशारा खरा आहे हे ओळखायचं कसं?

बाळ काही आठवड्यांचं असताना हिवाळ्यात त्याला ताप भरला. ते दूध पिईना, अंग निळसर पडलं. नवरा ट्रक घेऊन ब्राझीलला गेलेला. मागेला पहाटे एकटीच इस्पितळात धावली, आणि आईला शाळेत निरोप आला तो मधल्या सुट्टीत. एल्बियाला एकटं सोडवेना म्हणून मी बरोबर निघालो. वाटेत तिनं म्हातारीला घरून घेतलं. इस्पितळाच्या जिन्यावर एल्बियानं माझा दंड इतका घट्ट धरला होता की बोटं उमटली.

बाळाच्या पायाला सुई लावलेली होती. एल्बियानं बाटलीवरचं नाव वाचलं. जेंटामायसिन. स्ट्रेप्टोमायसिनचंच भावंड.

"किती दिलं?" तिनं विचारलं.

"सकाळचा एक डोस गेलाय," डॉक्टर पेर्दोमो म्हणाले. बालरोगतज्ज्ञ, रात्रभर जागलेले, दाढी वाढलेली. "दुसरा थोड्या वेळात देऊ. का?"

तिनं सांगितलं. उभ्या उभ्या, एका दमात, पांढरी बरणी आणि क्लोतिल्दे आणि इर्मा आणि आन्सेल्मोची मुलं, सगळं एकात एक. मला वाटलं डॉक्टर तिला बाहेर काढतील. त्यांनी डोळे चोळले आणि उलट प्रश्न विचारले. आन्सेल्मोच्या मुलांना नक्की तेच औषध दिलं होतं का? इर्माच्या मुलीला दुसरा कुठला आजार होता का? मग म्हणाले, "बाई, अशा घराण्यांबद्दल मी वाचलंय. चीनमधल्या, अरबांमधल्या. तुम्ही म्हणता ते अशक्य नाही. दुसरं औषधही आहे माझ्याकडे. पण कुठला जंतू आहे ते मला अजून माहीत नाही. दोन औषधं मिळून सुरू केली होती ती त्यासाठीच, की एकाच्या हातून सुटला तर दुसरं धरेल. आता मधेच एक बदललं आणि ताप उतरला नाही, तर हे मूल बहिरं होणार नाही, मरेल. तुमच्याकडे पुरावा काय आहे?"

"पुरावा नाही. एक बरणी आहे आणि चार बहिरी माणसं आहेत," एल्बिया म्हणाली.

तेव्हा मागेला फुटली. "आई, पुरे कर! त्या बरण्यांच्या वेळीही तू अशीच खात्रीनं बोलत होतीस! औषध टाकते, काही होणार नाही म्हणालीस, आणि सगळ्याच्या सगळ्या पांढऱ्या करून बसलीस! ही बरणी नाहीये, आई. माझी मुलगी आहे ही. आणि ही दुसरी वाढवता येत नाही."

खरं सांगू? त्या क्षणी मीही मागेलाच्या बाजूचा होतो. कान गेले तर माणूस जगतो, जीव गेला तर कानांचं काय करायचं, एवढा सरळ हिशोब माझ्या डोक्यात होता, आणि तो मी बोलून दाखवायच्या बेतात होतो.

क्लोतिल्दे खाटेपाशी उभी होती. सगळ्यांचे ओठ तिनं वाचले होते. ती बोलली तेव्हा तिच्या त्या मोठ्या आवाजानं सगळा वॉर्ड वळून बघायला लागला.

"हिचा आवाज कसा आहे?" ती मागेलाला म्हणाली आणि बोट एल्बियाकडे केलं. "तुझ्या आईचा. तुला माहितीये. मला नाही. मी हिला जन्म दिला, आणि ही रडली ते मला शेजारणीनं सांगितलं. मला कुणी विचारलं नव्हतं तेव्हा. तुला विचारतायत. डॉक्टर, दुसरं औषध चांगलं आहे का?"

पेर्दोमो तिच्यासमोर गेले आणि ओठ ठळक हलवत म्हणाले, "चांगलं आहे, आजी. पण मी हमी देऊ शकत नाही."

"माझ्या वेळीही हमी नव्हतीच," म्हातारी म्हणाली. "मागेला, तू सांग. मी नाही, तुझी आई नाही. तू."

मागेलानं बाळाचा सुई लावलेला पाय हातात धरला. मग तिनं मान हलवली. "बदला."

पुढचे दोन दिवस ताप हलला नाही. त्या दोन दिवसांत मागेला आईशी एक शब्द बोलली नाही, आणि एल्बिया बाहेरच्या बाकावर हातात थंड झालेला भोपळा धरून बसून राहिली. मी तिला म्हणालो, "डॉक्टरांनीच बदललं ना शेवटी." ती म्हणाली, "उगाच समजूत घालू नकोस. ते मूल गेलं तर मी मारलं." तिसऱ्या दिवशी सकाळी अंग घामानं भिजलं, मिकाएला दूध प्यायली आणि मागेला आईच्या गळ्यात पडून ढसाढसा रडली.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण तो पहिला डोस गेलेला होता. पेर्दोमोंनी सगळ्यांचं रक्त घेऊन परदेशातल्या एका प्रयोगशाळेला पाठवलं, आणि काही महिन्यांनी उत्तर आलं. मायटोकॉन्ड्रियातल्या त्या यंत्राच्या जनुकात एक अक्षर बदललेलं होतं, नेमकं अशा जागी की औषधाला ते जिवाणूचंच वाटावं. क्लोतिल्देत, एल्बियात, मागेलात, मिकाएलात, चौघींत तेच. आन्सेल्मोत होतं, त्याच्या मुलांत नव्हतं.

"बरोबर निघालीस की," मी म्हणालो. मला वाटलं तिला बरं वाटेल.

"म्हणूनच तर," एल्बिया म्हणाली. "चुकीची असते तर तो एक डोस नुसता डोस होता. आता एका डोसानंही कान जाऊ शकतात. मी बरोबर आहे, वॉशिंग्टन, आणि मला तेच नकोय." मग घरात सगळे तिच्यासारखे झाले. मागेला बाळाच्या मागे जाऊन टाळ्या वाजवायची, एल्बिया किल्ल्या पाडायची, मी गेलो की बशीवर चमचा आपटायचो. बाळ कधी वळायचं, कधी नाही. वळलं की वाटायचं आवाजानं वळलं, मग वाटायचं सावली दिसली असेल. राजधानीत, मोन्तेविदेओला, कानांच्या तपासणीची तारीख मिळाली ती फार लांबची. एल्बिया वाळून अर्धी झाली.

असाच एक रविवार होता. एल्बिया, मागेला आणि मी अंगणात मेज मांडत होतो. स्वयंपाकघरात म्हातारी, मांडीवर मिकाएला, चेहरा पणजीकडे, पाठ शेगडीकडे. शेगडीवर येर्बासाठी किटली ठेवलेली. आमच्याकडे ते पाणी उकळू देत नाहीत, उकळलं की येर्बा जळतो, आणि या एका बाबतीत क्लोतिल्दे फार कडक. ती नेहमी किटलीकडे टक लावून बसायची, कारण शिट्टी तिच्या काही कामाची नव्हती. त्या दिवशी मात्र ती बाळाकडे बघत होती.

शिट्टी आम्हाला अंगणात ऐकू आली. एल्बिया आत जायला निघाली, आणि खिडकीपाशी पोचून तिथेच थबकली. मी तिच्या खांद्यावरून बघितलं. मिकाएलाचे डोळे मोठे झाले होते. तिनं पणजीच्या खांद्यावरून मान वळवली, हळूहळू, पार शेगडीपर्यंत, आणि किटलीकडे तोंड उघडं टाकून बघत राहिली. क्लोतिल्देनं तिची नजर जिथे गेली तिथे बघितलं. मग ती उठली, बाळाला कडेवर घेतलं, आणि गॅस बंद केला.

"पाणी उकळलं," ती तिच्या त्या मोठ्या आवाजात म्हणाली. "मला हिनं सांगितलं."